दोन्ही टाचांचा हट्ट सोडा, डावा पाय बघा

*नमस्कार दादा. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. कळंब्यात राहते, रोज शिरोली एमआयडीसीत कामाला जाते. आजवर भावाची स्प्लेंडर चालवली, ती सहज झेपते. आता स्वतःच्या पगारातून क्लासिक ३५० घ्यायची आहे. शोरूममध्ये बसून बघितलं तर दोन्ही टाचा वरच राहिल्या. सेल्समन म्हणाला, 'सीट कापून देऊ, टेन्शन घेऊ नका.' घरचे म्हणतात, गुपचूप स्कूटर घे. सिग्नलला थांबल्यावर गाडी आडवी होईल अशी मलाही धाकधूक आहे. नेमकं काय बघून ठरवू?*
*— एक वाचक, कळंबा*

ताई,

तुम्ही स्प्लेंडर चालवता, हे फार बरं झालं. आपल्याकडे तुलनेला ओळखीची गाडी आहे आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

माहितीपत्रकात स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर दिलेली असते, क्लासिक ३५० ची ८०५. फरक फक्त दोन सेंटीमीटरचा. एका गाडीवर तुम्ही बिनधास्त बसता आणि दुसरीवर टाचा लोंबकळतात, एवढं काही दोन सेंटीमीटरनं होत नाही. खरा फरक सीटच्या रुंदीचा आहे. कंपनी सांगते ती उंची जमिनीपासून सीटच्या मधोमधपर्यंत, सरळ उभ्या रेषेत मोजलेली असते. आपला पाय मात्र सरळ खाली जात नाही. तो आधी सीटची कड ओलांडतो, मग तिरका जमिनीवर येतो. स्प्लेंडरची सीट टाकीजवळ निमुळती आहे, क्लासिकची तिथं चांगली रुंद. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी बाहेरच्या बाजूला खर्च होते.

म्हणून आधी स्वतःच्या पायाचं माप काढा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पायांमध्ये एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक धरून वर घट्ट दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलनं खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पायाची आतली लांबी. तुमच्या उंचीच्या माणसाची ही लांबी साधारण ७० ते ७२ सेंटीमीटर भरते. आपण ७१ धरू, अधिक बुटाच्या तळव्याचे ३, म्हणजे ७४.

आता गाडीकडे या. आपण बसलो की शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि सीट थोडी खाली येते. तुमच्या ५२ किलोला साधारण दोन सेंटीमीटर धरा. ८० किलोचा माणूस बसला की गाडी यापेक्षा जास्त बसते, म्हणून व्हिडिओतल्या धिप्पाड माणसाचा 'आरामात पाय टेकतात' हा निर्वाळा तुमच्या कामाचा नाही. क्लासिकची ८०.५ मधून २ गेले, राहिले ७८.५. पाऊल गाडीच्या मध्यरेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर टेकतं असं धरलं, तर त्या तिरक्या रेषेची लांबी येते ८१. तुमच्याकडे ७४ आहेत. म्हणजे टाच सात सेंटीमीटर वर. स्प्लेंडरचं हेच गणित ७६.५ उंची आणि १४ सेंटीमीटर बाहेर असं मांडलं तर येतं जेमतेम ७८, म्हणजे टाच चार सेंटीमीटर वर. टाच चार सेंटीमीटर उचललेली असली तरी पूर्ण चवडा जमिनीवर असतो आणि त्यावर भार घेता येतो. सातवर गेली की उरतात फक्त बोटं. बोटांवर माणूस उभा राहू शकतो, पण कलणारी गाडी थोपवू शकत नाही.

यातले २० आणि १४ हे माझे अंदाज आहेत, तुम्ही प्रत्यक्ष मोजा. भावाला गाडी सरळ उभी धरायला सांगा. शिवणकामाचा टेप किंवा साधी सुतळी घ्या. डाव्या पावलाच्या जागेपासून वर, जिथं आपण बसतो तिथून सीटवरून, पलीकडे उजव्या पावलाच्या जागेपर्यंत ती ताणून मोजा. हेच माप शोरूममधल्या गाडीचं काढा. बीएमडब्ल्यू आपल्या मोटरसायकलींच्या माहितीपत्रकात सीटच्या उंचीसोबत हे मापही देते. आपल्या रोजच्या गाड्यांच्या पत्रकांत ते सहसा सापडत नाही, म्हणून सुतळी खिशात ठेवलेली बरी. शोरूमवाला बघत राहील, बघू द्या. जिचं माप स्प्लेंडरच्या आसपास येतं, ती गाडी पायाच्या दृष्टीनं तुमची झाली.

आता 'दोन्ही टाचा' या गोष्टीकडे. शोरूममध्ये प्रत्येक जण हीच परीक्षा करतो आणि ती अपुरी आहे. सिग्नलला दोन्ही पाय खाली टाकून थांबायची सवय स्कूटरवर लागते, कारण तिथं दोन्ही ब्रेक हातात असतात. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी आहे. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, ही थांबायची खरी पद्धत. डाव्या बाजूला अर्धी बैठक सरकवून बसलात की डावा पाय सीटच्या कडेनं जवळजवळ सरळ खाली येतो आणि क्लासिकसारख्या गाडीवरही चार-पाच सेंटीमीटर मिळून जातात. त्यामुळे गाडीवर बसून स्वतःला एकच विचारा: सरकून बसल्यावर माझं डावं पाऊल टाचेसकट टेकतं का, आणि त्याच वेळी उजवा पाय ब्रेकवर आरामात राहतो का? हे जमत असेल तर दोन्ही टाचा वर राहिल्या तरी हरकत नाही. हे जमत नसेल आणि दोन्ही पायांचे चवडे मात्र टेकत असतील, तरी ती गाडी मी तुम्हाला घेऊ देणार नाही.

एक गोष्ट शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. पाणी वाहून जावं म्हणून आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीन कायमच थोडी खोल. भर रस्त्यात हा फरक सेंटीमीटरभराचा असतो, पण डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथं चार बोटं खोल जागा सहज मिळते. पाय तिथं गेला की पाऊल जमीन शोधत राहतं आणि तोवर गाडी कललेली असते. म्हणून सिग्नलला डांबराच्या कडेला चिकटून थांबू नका, हातभर आत थांबा.

आता वजनाचं बघू, कारण पायाचं गणित जमलं तरी खरी गाठ इथंच आहे. स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक १९५ किलोची. पेट्रोल, ऑइल भरून गाडी जशी रस्त्यावर येते तसं हे वजन असतं, म्हणजे कर्ब वेट. कुणी ड्राय वेट सांगून गाडी हलकी दाखवत असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. टाकीत १३ लिटर पेट्रोल मावतं, तेच जवळजवळ दहा किलो भरतं आणि ते सगळं वर, तुमच्या गुडघ्यांच्या मधे असतं.

गाडी अगदी सरळ उभी असेल तेव्हा १९५ किलो तुम्हाला जाणवतच नाहीत, सगळं वजन चाकांवर असतं. कलली की हिशोब सुरू होतो. पाच अंश कलली तर गुरुत्वमध्याच्या उंचीवर ती तुम्हाला साधारण १७ किलोनं बाजूला ढकलते, दहा अंशांवर ३४, वीस अंशांवर ६७. स्प्लेंडरसाठी हेच आकडे १०, १९ आणि ३८. हँडल गुरुत्वमध्याहून बरंच उंच असल्यामुळे हाताला यातलं निम्म्याच्या आसपास लागतं, पण प्रमाण तेच राहतं. म्हणजे स्प्लेंडर वीस अंश कलल्यावर जेवढी ओढते, जवळपास तेवढंच क्लासिक अकरा-बारा अंशांवर ओढायला लागते. जड गाडी पडते ती अशी. सावरायला लागणारी ताकद तुमच्याकडे असते, पण ती वापरायला मिळणारा वेळ अर्ध्यावर येतो. स्प्लेंडरवर जी चूक तुम्हाला आजवर कळलीही नसेल, ती इथं गाडी आडवी करते.

आणि ती चूक जवळजवळ नेहमी एकच असते. गाडी थांबता थांबता हँडल किंचित वळलेलं आणि पुढचा ब्रेक दाबलेला. समजा दसरा चौकात सिग्नल पिवळा झाला, पुढची रिक्षा अचानक थांबली, तुम्ही तिला टाळायला हँडल डावीकडे घेतलं आणि त्याच क्षणी उजव्या हाताची चार बोटं आवळली. पुढचं चाक जागच्या जागी अडकतं, गाडीचं वजन पुढे आणि हँडल ज्या बाजूला वळलंय त्या बाजूला जातं. खाली पाय असला तरी तो उशिरा पोचतो. उंच माणसाचाही उशिराच पोचतो, फक्त त्याला लांब पायाची भरपाई मिळते. तुम्हाला ती मिळणार नाही, म्हणून शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पुढचा ब्रेक हळूहळू सोडत मागच्या ब्रेकवर थांबायची सवय हवी. हँडल सरळ, नजर समोर, पाय गाडी थांबायच्या किंचित आधी खाली. स्प्लेंडरवरच याचा सराव करा. तिथं अंगवळणी पडलं की कुठल्याही गाडीवर कामी येतं.

पाय कुठं टेकायचा हेही थांबायच्या आधी ठरवा. पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि थांबायची रेघ घसरडी होते, तिथं पाय नको. सिग्नलजवळ लेनच्या मधोमध गाड्यांचं ऑइल गळून काळपट पट्टा तयार झालेला असतो, त्याच्या डावीकडे थांबा. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या चाकांची माती आणि सांडलेलं पाचट रस्त्यावर असतंच. पाचटावर पाय ठेवला तर ते पायासकट सरकतं. आणि एक कळकळीची विनंती: कोल्हापुरी चप्पल घालून जड गाडी चालवू नका. चामड्याचा तळवा ओल्या रस्त्यावर अजिबात धरत नाही. घोट्यापर्यंतचा, सपाट आणि कडक रबरी तळव्याचा बूट घ्या. तळवा तीन सेंटीमीटर जाड असेल तर तेवढी उंचीही मिळते. फक्त बुटाचं टोक गिअरच्या खाली सहज जातंय ना, ते बघा. उंच टाचेची सँडल मात्र नको, तिनं पाऊल वाकडं पडतं.

सेल्समनच्या 'सीट कापून देऊ'बद्दल. सीट वरून कापली की फोम पातळ होतो, महिन्याभरात खालचा पत्रा टोचायला लागतो आणि कळंबा ते शिरोली रोजच्या येण्याजाण्यात कंबर बोलायला लागते. कापायचीच असेल तर वरून नको, पुढच्या दोन्ही कडा उतरवून घ्या, म्हणजे मांड्या जवळ येतील. वर सांगितलेला रुंदीचा तोटा तिथंच भरून निघतो आणि बैठकीखालचा फोम शाबूत राहतो. चांगला सीटवाला हे तुम्हाला गाडीवर बसवून, खडूनं खुणा करून करतो. मूळ सीट तशीच ठेवून दुसऱ्या सीटवर हे काम करून घ्या.

क्लासिकच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा ताण सहा टप्प्यांत बदलता येतो. तो सगळ्यात मऊ टप्प्यावर ठेवला तर गाडी थोडी जास्त बसते आणि त्याला खर्चही नाही. मात्र शॉकॲब्सॉर्बर बदलून किंवा फोर्क वर सरकवून गाडी खाली करून घेण्याच्या नादी लागू नका. गाडी खाली आली की साइड स्टँड तिला तुलनेनं लांब पडतो. स्टँडवर लावलेली गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणाचा धक्का लागला की पलीकडे पडते. मेन स्टँडवर चढवताना तर ती जास्त उचलावी लागते, म्हणजे ज्या वजनापासून सुटका हवी होती तेच अंगावर येतं. गतिरोधकाला बूड घासतं ते वेगळंच.

मग गाडी कुठली? साडेतीनशेमध्येच राहायचं असेल तर मीटिओर ३५० ची सीट ७६५ आहे. वरचंच गणित तिच्यासाठी केलं तर, सीट रुंद असूनही, माप जवळजवळ तुमच्या स्प्लेंडरइतकं येतं. म्हणजे पायाचा प्रश्न संपला. वजन मात्र १९१ किलो, क्लासिकच्या बरोबरीचं. हंटर ३५० दहा किलोनं हलकी, १८१ च्या आसपास, पण आताच्या हंटरची सीट ७९० आहे, म्हणजे टाच साडेपाच सेंटीमीटर वर राहील. सरकून बसल्यावर डावा पाय तिथं टेकेल असं मला वाटतं, पण हे सुतळीनं आणि स्वतः बसूनच ठरवा. साडेतीनशेचा हट्ट नसेल तर बजाजची ॲव्हेंजर बघा. सीट ७३७, वजन २२० सीसीला १६३ किलो आणि १६० सीसीला १५६. तिच्यावर तुमची दोन्ही पावलं जवळपास सपाट टेकतील. पायाची खुंटी पुढे असते, तेवढी सवय करावी लागते. नवी मिळत नसेल तर सुस्थितीतली जुनी बघायला हरकत नाही.

माझं मत सरळ सांगतो. रोजच्या शिरोलीच्या वर्दळीसाठी मी तुम्हाला ॲव्हेंजर किंवा मीटिओर सुचवेन, क्लासिक नाही. क्लासिक अशक्य नाही. बुटाचे तीन सेंटीमीटर आपण आधीच धरलेत; कडा उतरवलेली सीट आणि मऊ शॉकॲब्सॉर्बर या दोन्हींनी सातचे चार-पाच सेंटीमीटर करता येतात. पण मग तुमची सगळी सोय संपते आणि रस्त्यानं एखादा खड्डा दिला तर हातात काहीच उरत नाही. मन क्लासिकवरच असेल तर वर्षभर दुसऱ्या गाडीवर हात बसवून मग घ्या. घरच्यांचं स्कूटरचं म्हणणं मात्र मला पटत नाही. स्प्लेंडर सहज झेपणाऱ्या माणसाला गिअरची गाडी का नको, याचं एकही कारण तुमच्या पत्रात दिसत नाही.

ठरवण्याआधी शोरूममधून गाडी बाहेर काढायला लावा आणि तीन कामं करून बघा, रोजचे बूट घालून. पहिलं, इंजिन बंद ठेवून, गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून ती दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे ढकला. नितंब टाकीला टेकलेले ठेवा, गाडी किंचित आपल्याकडे कललेली असू द्या. मागे ढकलताना दम लागला तर समजा, बाजारात पार्किंगमधून काढताना रोज हेच होणार. दुसरं, माणूस पलीकडे उभा करून गाडी हळूहळू कलवत न्या आणि 'आता सुटेल' असं कुठं वाटतं ते लक्षात ठेवा. स्प्लेंडरवर हाच क्षण कुठं येतो ते घरी आधी बघून जा. तिसरं, चढावर थांबून परत निघा. मागचा ब्रेक दाबलेला, डावा पाय खाली, क्लच सोडत गाडी ओढू लागली की ब्रेक सोडायचा. चढावर दोन्ही पाय खाली टाकून नुसत्या पुढच्या ब्रेकवर थांबलात तर त्याच उजव्या हातानं ॲक्सिलरेटरही द्यावा लागतो आणि गाडी मागे घरंगळते. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या वाटेवर गर्दीत अडकलात तर हेच शंभरदा करावं लागेल, म्हणून आधीच बघितलेलं बरं.

पार्किंगची एक सवय आजपासून लावा. महाद्वार रोडसारख्या ठिकाणी रस्ता गटाराकडे उतरता असतो. तिथं तोंड गटाराकडे करून गाडी लावली तर निघताना उतारावरून मागे ओढावी लागते आणि चवड्यांवर बसून हे होत नाही. नेहमी मागचं चाक गटाराकडे घालून लावा, निघताना गाडी तोंडानं बाहेर येते.

आणि गाडी कधी ना कधी पडणारच, जड गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाची पडते. बुक करतानाच लेग गार्ड बसवून घ्या, म्हणजे पडली तरी पूर्ण जमिनीला टेकत नाही आणि पाय खाली सापडत नाही. पडली की आधी इंजिन बंद करा आणि ती गिअरमध्ये आहे का बघा, म्हणजे उचलताना पुढे पळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला नितंब टेका, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून एका हातानं ती मूठ धरा, दुसऱ्या हातानं मागचं हँडल किंवा फ्रेम पकडा आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडी जागची हलणार नाही आणि पाठ धरेल. डावीकडे पडली असेल तर स्टँड काढता येत नाही, म्हणून सरळ झाल्यावर पलीकडे ढकलली जाणार नाही अशा बेतानं थांबा. ही उचलण्याची रीत भावाच्या स्प्लेंडरवर, अंगणात जुनी गादी अंथरून, एकदा करून बघा.